पेशीविभाजनाच्या आकृत्या: धागे मोजू नका, गुणसूत्रबिंदू मोजा

प्रश्न: पेशीविभाजनाच्या पाच-सहा आकृत्या उलटसुलट देतात, क्रम लावायला सांगतात आणि वर विचारतात की यातल्या कोणत्या आकृतीत गुणसूत्रांचं वागणं चुकीचं दाखवलंय. क्रम मला बहुतेक वेळा जमतो. चुकीची आकृती मात्र अंदाजाने सांगतो आणि हमखास फसतो. ती खात्रीने ओळखायची कशी?

उत्तर:

क्रम लागतो आणि चूक सापडत नाही, याचा अर्थ बहुधा तुम्ही क्रम आकृतीच्या चेहऱ्यावरून लावता. गोल केंद्रक दिसलं की सुरुवात, सगळं मधोमध आलं की मध्यावस्था, दोन घोळके झाले की पश्चावस्था, दोन केंद्रकं झाली की शेवट. क्रमापुरतं हे चालून जातं. पण प्रश्न काढणारा चूक घालताना चेहऱ्याला हात लावत नाही. तो दोन घोळके दोन घोळकेच ठेवतो आणि घोळक्यातल्या गुणसूत्राची बनावट किंवा दिशा तेवढी बदलतो. त्यामुळे चूक शोधायला नजर गुणसूत्रापर्यंत, खरं तर त्याच्या गुणसूत्रबिंदूपर्यंत न्यावी लागते.

त्याआधी एक अडचण मोकळेपणाने सांगतो. 'ही आकृती चुकीची आहे' असं नुसत्या आकृतीकडे बघून बरेचदा म्हणता येत नाही. सूत्री विभाजन चाललंय की अर्धगुणसूत्री, पेशी वनस्पतीची की प्राण्याची, आणि मूळ पेशीत गुणसूत्रं किती, या तीन गोष्टी प्रश्नात कुठेतरी दिलेल्या असतात. त्या शोधून समासात लिहून ठेवा. सूत्री विभाजनात चूक ठरणारी आकृती अर्धगुणसूत्री विभाजनात अगदी बरोबर असू शकते. खालच्या उदाहरणात नेमकं हेच होतं.

आता मोजणी. नियम एकच आहे: जितके गुणसूत्रबिंदू, तितकी गुणसूत्रं. फुलीसारखं दिसणारं, दोन अर्धगुणसूत्रं एका बिंदूशी जुळलेलं गुणसूत्र हे एकच गुणसूत्र. ती दोन अर्धगुणसूत्रं सुटी झाली की दोघांचे बिंदू वेगळे, म्हणून गुणसूत्रं दोन. विद्यार्थी मोजतात ते धागे, आणि धाग्यांची संख्या मध्यावस्थेपासून अंत्यावस्थेपर्यंत बदलतच नाही. डीएनएची प्रत इंटरफेजमध्येच काढून झालेली असते, पुढे फक्त वाटणी उरते. जी संख्या बदलत नाही तिच्यावरून चूक पकडता येणार नाही. गुणसूत्रबिंदूंची संख्या मात्र सूत्री विभाजनात एकाच क्षणी दुप्पट होते, पश्चावस्था सुरू होताना.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. पेशी वनस्पतीची, विभाजन सूत्री, मूळ गुणसूत्रं 4. त्यांत एक जोडी लांब, बिंदू मधोमध. दुसरी जोडी आखूड, बिंदू एका टोकाकडे सरकलेला. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र काळं भरलेलं आणि दुसरं रेघारेघांचं, म्हणजे एक आईकडून आलेलं आणि एक बापाकडून. आकृत्या अशा आहेत:

क मध्ये केंद्रकावरण तुटक रेषेने दाखवलंय, आत चार जाडसर गुणसूत्रं, प्रत्येकात दोन धागे, केंद्रकी जवळजवळ दिसेनाशी. ख मध्ये आवरण नाही, चारही गुणसूत्रं पेशीच्या मधल्या प्रतलावर, प्रत्येकाला वरून आणि खालून एकेक तर्कुतंतू. ग मध्ये दोन ध्रुवांजवळ दोन घोळके, प्रत्येकात चार एकेरी गुणसूत्रं. लांब गुणसूत्रं 'V' सारखी वाकलेली, कोन ध्रुवाकडे. घ मध्ये दोन छोटी केंद्रकं, आत बारीक होत चाललेले धागे, मध्ये पेशीपटलाची रेघ. च मध्ये एकच गोल केंद्रक, ठळक केंद्रकी आणि आत जाळं. छ मध्ये मधल्या प्रतलापासून नुकतीच दूर निघालेली गुणसूत्रं: दोन फुल्या वर चालल्यात, दोन खाली. वर काळी लांब आणि रेघांची आखूड, खाली उरलेली दोन.

क्रमाची सुरुवात टोकांपासून करा, मधून नाही. च मध्ये एकच केंद्रक आहे, केंद्रकी शाबूत आहे आणि सुटं गुणसूत्र एकही दिसत नाही, म्हणून ती सर्वांत आधी. घ मध्ये एका पेशीत दोन केंद्रकं, म्हणून ती सर्वांत शेवटी. क आणि घ यांच्यात गोंधळ होतो, कारण दोन्हींत धागेही दिसतात आणि अर्धवट आवरणही. भेद असा की क मध्ये केंद्रक एक आणि धागे दुहेरी, घ मध्ये केंद्रकं दोन आणि धागे एकेरी. आवरण विरतंय की पुन्हा जुळतंय हे स्थिर चित्रात कळत नाही, पण धागा एकेरी की दुहेरी हे कळतं. ख मध्ये सगळं मधोमध आहे, म्हणून ती क नंतर. राहिल्या छ आणि ग. दोन्हींत घोळके अलग झालेत. छ मध्ये मधलं अंतर कमी आणि ग मध्ये जास्त, म्हणून छ आधी. क्रम झाला च, क, ख, छ, ग, घ.

इथपर्यंत तुम्ही पोचतच असाल. आता ख, छ आणि ग या तिघींत धागे मोजा. ख मध्ये चार दुहेरी, म्हणजे 8. छ मध्ये चार फुल्या, म्हणजे 8. ग मध्ये आठ एकेरी, म्हणजे 8. ध्रुवाकडे जाणारे धागे छ मध्येही चार-चार आणि ग मध्येही चार-चार. सगळं जुळतंय, आणि फसगत होते ती इथेच. त्याच तीन आकृत्यांत बिंदू मोजा: ख मध्ये 4, छ मध्ये 4, ग मध्ये 8. छ मध्ये गुणसूत्रं निघाली आहेत, पण बिंदू दुप्पट झालेलेच नाहीत.

'वाटेत पुढे सुटतील की, ग मध्ये सुटलेली दिसताहेतच' असा बचाव इथे हमखास येतो. तो टिकत नाही, आणि का टिकत नाही हे कळलं तर नियम पाठ करायची गरज उरत नाही. ख मध्ये प्रत्येक गुणसूत्राच्या बिंदूवर दोन बाजूंना दोन तर्कुतंतू जोडलेले आहेत, एक वरच्या ध्रुवाचा आणि एक खालच्या. दोघे आपापल्या बाजूला ओढताहेत. गुणसूत्र मध्ये थांबलंय ते या रस्सीखेचीमुळे. दोन अर्धगुणसूत्रं एकमेकांना कोहेसिन नावाच्या प्रथिनाने जखडलेली असतात. सगळी गुणसूत्रं दोन्ही बाजूंनी नीट जोडली गेली की सेपरेज हे विकर मोकळं होतं आणि कोहेसिनचा शेवटचा बंध कापतं. बंध तुटला की दोन्ही अर्धगुणसूत्रं दोन दिशांना निघतात. म्हणजे आधी सुटणं आणि मग निघणं. जखडलेली फुली वर जायची तर खालचा तर्कुतंतू तिला सोडणार कसा? छ मधल्या फुलीला हलायला कारणच नाही.

आता रंग बघा, कारण उत्तरात लिहायला हा पुरावा सर्वांत सोपा. ग मध्ये प्रत्येक ध्रुवाकडे काळं लांब, रेघांचं लांब, काळं आखूड, रेघांचं आखूड असं एकेक आहे. दोन्ही नव्या पेशींना मूळ पेशीचा पूर्ण संच मिळतोय. छ मध्ये वर काळं लांब आहे, पण रेघांचं लांब नाही. ते खाली गेलंय. छ मधून ग कडे यायचं तर रेघांच्या लांब गुणसूत्राचं एक अर्ध खालच्या ध्रुवाकडून वर परत यायला हवं. तसं होत नाही. म्हणून या दोन आकृत्या एकाच विभाजनाच्या असूच शकत नाहीत.

छ दुरुस्त कशी करायची हेही विचारतात. आठ एकेरी गुणसूत्रं काढा, चार वर आणि चार खाली, दोन गटांत अंतर थोडंच. लांब गुणसूत्रांचा बिंदू मधोमध, म्हणून ती 'V' होतील आणि कोन ध्रुवाकडे. आखूड गुणसूत्रांचा बिंदू टोकाकडे, म्हणून ती 'J' सारखी: आखडती भुजा छोटी, लांब भुजा मधल्या प्रतलाकडे लोंबणारी.

या आकारांवर जरा थांबतो, कारण चुकांचा दुसरा मोठा प्रकार तिथेच असतो. पश्चावस्थेत ओढला जातो तो फक्त गुणसूत्रबिंदू. भुजा मागून फरफटत येतात, पाण्यातून ओढलेल्या दोरीसारख्या. म्हणून बिंदू नेहमी ध्रुवाच्या बाजूला आणि भुजांची टोकं पेशीच्या मध्याकडे. टोकं ध्रुवाकडे आणि कोन मध्याकडे काढलेली पश्चावस्था चुकीचीच, मोजणी बिनचूक असली तरी. वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने 1882 साली आपल्या ग्रंथात सॅलॅमँडरच्या पेशींची जी चित्रं छापली, त्यांतही कोन ध्रुवाकडेच आहेत. सॅलॅमँडरची गुणसूत्रं चांगली मोठी, त्यामुळे तेव्हाच्या सूक्ष्मदर्शकाखालीही हे दिसलं.

मात्र 'V' दिसली नाही म्हणून लगेच चूक म्हणू नका. बिंदू अगदी टोकाला असेल तर गुणसूत्र सरळ काडीसारखं जाईल, थोडा बाजूला असेल तर 'L' किंवा 'J' होईल. आकार बिंदूच्या जागेवर ठरतो. इथे पकडायची ती विसंगती: क आणि ख मध्ये ज्याचा बिंदू मधोमध दाखवलाय, तेच गुणसूत्र ग मध्ये 'J' झालं असेल तर चूक आहे. बिंदू विभाजनाच्या दरम्यान जागा बदलत नाही.

मध्यावस्थेतही उगाच घेतली जाणारी एक हरकत आहे. भुजा वरखाली पसरलेल्या दिसल्या की विद्यार्थी म्हणतात, 'गुणसूत्र प्रतलावर नाही.' प्रतलावर यायचा असतो तो बिंदू. लांब भुजा कुठेही वळोत, चालतं. उलट सगळ्या भुजा नीट पट्टी लावून आडव्या काढल्यात आणि दोन्ही तर्कुतंतू एकाच ध्रुवाकडून आलेत, अशी देखणी आकृती चुकीची असते. म्हणून मध्यावस्थेत भुजा सोडा आणि प्रत्येक बिंदूपासून निघणारे तर्कुतंतू बोटाने माग काढत ध्रुवापर्यंत न्या. एक वर आणि एक खाली पोचला पाहिजे. गुणसूत्राचे दोन्ही तंतू वरच गेले, किंवा एका बाजूला तंतूच नाही, तर तीच तुमची चूक.

पूर्वावस्थेबद्दल मी जरा सैल असतो. अगदी सुरुवातीच्या पूर्वावस्थेत गुणसूत्रं इतकी बारीक असतात की दोन अर्धगुणसूत्रं वेगळी दिसत नाहीत, आणि बऱ्याच आकृत्यांत ती एकेरी रेघेने काढलेली असतात. ही आकृती काढणाऱ्याची सोय असते. दुसरी ठळक चूक समोर असेल तर पूर्वावस्थेच्या एकेरी रेघेला चूक म्हणू नका. मध्यावस्थेतली जाड गुणसूत्रं एकेरी काढली असतील तर मात्र ती चूकच, कारण प्रत नसेल तर वाटायचं काय?

वनस्पती आणि प्राणी हा मुद्दा थोडक्यात. सपुष्प वनस्पतीच्या पेशीत तारकाकेंद्र नसतं, तरी तर्कू तयार होतो. कांद्याच्या मुळाची पेशी म्हणून दिलेल्या आकृतीत ध्रुवांवर तारकाकेंद्राचे ठिपके आणि किरण असतील तर ती चूक. शेवटी वनस्पतीत पेशीपटल मधून सुरू होऊन कडेकडे वाढतं, प्राणीपेशीत खाच कडेकडून आत येते. पण या चुका 'गुणसूत्रांच्या वागण्या'च्या नाहीत. प्रश्न गुणसूत्रांविषयी असेल तर त्या दिसल्या तरी उत्तर म्हणून देऊ नका, वेगळ्या ओळीत नोंदवा.

आता सुरुवातीला म्हटलं होतं त्याकडे येतो. त्याच सहा आकृत्यांच्या वर 'अर्धगुणसूत्री विभाजन, भाग 1' असं लिहिलं असतं तर? तर छ बरोबर ठरली असती. त्या विभाजनात समजात गुणसूत्रं, म्हणजे काळं लांब आणि रेघांचं लांब, आधी जोडीने जुळतात. एका गुणसूत्राचे दोन्ही तंतू एकाच ध्रुवाकडून येतात आणि त्याच्या जोडीदाराचे दुसऱ्या ध्रुवाकडून. भुजांवरचं कोहेसिन कापलं जातं, बिंदूपाशी असलेलं राखलं जातं. त्यामुळे फुल्या अखंड राहून दोन बाजूंना जातात, प्रत्येक ध्रुवाकडे एक लांब आणि एक आखूड. छ मध्ये हेच तर काढलंय. काळी लांब वर जाणार की रेघांची, हे मात्र ठरलेलं नसतं; 'काळं लांब आणि काळं आखूड एकाच बाजूला हवं' असा नियम नाही.

मग अशा वेळी ख चुकीची, कारण तिथे चारही बिंदू मधल्या प्रतलावर एकेकटे आहेत. भाग 1 च्या मध्यावस्थेत दोन जोड्या दिसायला हव्यात आणि प्रत्येक जोडीतला एक बिंदू प्रतलाच्या वर, दुसरा खाली. ग सुद्धा चालणार नाही, कारण एकेरी गुणसूत्रं भाग 2 मध्ये येतात आणि तिथेही प्रत्येक पेशीत ध्रुवाकडे दोनच, चार नाहीत. तीन पश्चावस्थांमधला फरक या पेशीपुरता लक्षात ठेवायचा तर असा: सूत्री विभाजनात ध्रुवाकडे चार एकेरी, भाग 1 मध्ये दोन दुहेरी, भाग 2 मध्ये दोन एकेरी. प्रश्नात गुणसूत्रं 6 असतील तर हेच आकडे सहा, तीन, तीन होतील. एखाद्या फुलीच्या काळ्या भुजेचं टोक रेघारेघांचं दाखवलं असेल तर तीही भाग 1 मध्ये चूक नाही, क्रॉसिंग ओव्हरमुळे तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. सूत्री विभाजनाच्या आकृतीत असं टोक दिसलं तर बोट ठेवायला हरकत नाही.

सूत्री विभाजनातही फुली सगळीकडे हवी असं इतक्यांना का वाटतं, याचं एक कारण मला पुस्तकांतल्या फोटोंत दिसतं. माणसाच्या 46 गुणसूत्रांचा तक्ता आपण बघतो, त्यात सगळी 'X' च्या आकाराची असतात. तो तक्ता करताना पेशींना कॉल्चिसिन किंवा त्याच्यासारखं द्रव्य देतात. त्याने तर्कू बनत नाही, पेशी मध्यावस्थेतच अडकते, भुजा एकमेकींपासून फाकतात आणि बिंदू तेवढा जुळलेला राहतो. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी फुलं येणारी कळलावी या कॉल्चिसिनसाठीच विषारी मानली जाते. तेव्हा तो 'X' हा अडवून धरलेल्या क्षणाचा फोटो आहे. पश्चावस्थेत तो शोधायचा नसतो.

प्रत्यक्ष स्लाइडवर गोष्ट थोडी वेगळी असते. कांद्याच्या मुळाचं दोन-तीन मिलिमीटर टोक दाबून केलेल्या स्लाइडमध्ये पेशी चपट्या होतात आणि वाटेल त्या कोनात पडतात. मध्यावस्था कडेने बघितली तर पट्टा दिसतो, ध्रुवाकडून बघितली तर तीच गुणसूत्रं गोलाकार फुलासारखी मांडलेली दिसतात आणि तर्कू दिसतच नाही. ती बघून पूर्वावस्था म्हणाल तर चुकेल. आवरण नाही आणि गुणसूत्रं जाड आहेत हे तपासा. कांद्यात गुणसूत्रं 16, म्हणजे पश्चावस्थेत एकूण 32. स्लाइडवर ती मोजत बसू नका, एकमेकांवर पडलेली असतात. तिथे भुजांची दिशा बघणं पुरेसं आहे. आणि एखादं गुणसूत्र दोन घोळक्यांच्या मध्ये मागे राहिलेलं दिसलं तर ते चुकीचं निरीक्षण नव्हे, खऱ्या पेशींतही वाटणी कधीमधी चुकते. परीक्षेच्या आकृतीत मात्र तेच उत्तर असण्याची शक्यता जास्त, 'मागे राहिलेलं गुणसूत्र' असं स्पष्ट वर्णन प्रश्नात नसेल तर.

उत्तर लिहिताना 'छ चुकीची, कारण पश्चावस्था नीट नाही' असं लिहिलं तर अर्धेच गुण मिळतात. असं लिहा: 'छ चुकीची. सूत्री विभाजनाच्या पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू विभागून 8 एकेरी गुणसूत्रं व्हायला हवीत व प्रत्येक ध्रुवाकडे 4 जायला हवीत. इथे 4 दुहेरी गुणसूत्रं अखंड राहून 2-2 अशी गेली आहेत. हे अर्धगुणसूत्री विभाजनाच्या भाग 1 मध्ये घडतं.' शेजारी दुरुस्त आकृती काढली की तपासणाऱ्याला विचारायला काही उरत नाही.